गोळीने थांबलं, की थांबायची वेळच झाली होती?

*डॉक्टर, माझं वय २७, लग्नाला दोन वर्षं झाली. गेले काही महिने अंगावरून पांढरं जातं, पण दर वेळी वेगळंच. पाळीनंतर थोडे दिवस काही नसतं. मग पाण्यासारखं, बोटाला तार सुटेल असं. मग दाट पांढरं. निकरवर पिवळा डाग पडतो, वास जरा आंबट येतो. खाज नाही. जूनमध्ये ४ तारखेला पाळी आली आणि १७ पासून ओलं ओलं वाटायला लागलं. २० च्या रात्री मेडिकलमधून आणलेली, योनीत ठेवायची गोळी सुरू केली. दोन दिवसांत पाणी जाणं थांबलं, तरी सहाही गोळ्या संपवल्या. ५ जुलैला पाळी आली आणि १८ पासून पुन्हा तेच! आता वॉश आणून दिवसातून दोनदा आतूनही धुते, पण धुतल्यावर चुरचुरतं. काळ्या निकरचा रंगसुद्धा मधोमध उडालाय, म्हणजे ते किती घातक असेल? शिवाय थकवा असतो, आणि नणंद म्हणते, याने अंगातली ताकद जाते. गर्भनिरोधक गोळ्या वगैरे काही घेत नाही. हे इन्फेक्शन आहे का? याहून स्ट्राँग गोळी घेऊ का?*

तुम्ही तारखा लिहिल्यात हे फार बरं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणी "कधी कधी जातं" एवढंच सांगतात आणि मग मला अंधारात चाचपडावं लागतं. तुमच्या तारखांवरून मात्र निम्मं उत्तर मिळतं. तेव्हा आधी जरा बोटं मोडून हिशोब करू.

४ जूनला पाळी आली आणि पुढची ५ जुलैला, म्हणजे तुमचं चक्र ३१ दिवसांचं. स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. आधीच्या पाळीनंतर १४ दिवसांनी नव्हे. इथे बऱ्याच जणींची गल्लत होते. ५ जुलैपासून १४ दिवस मागे गेलं की २१ जून येतो. एक-दोन दिवस इकडेतिकडे होऊ शकतात, पण बीज २१ च्या आसपास सुटलं असं धरायला हरकत नाही. बीज सुटण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून गर्भाशयाच्या तोंडातून पातळ, बुळबुळीत, तार सुटणारा स्राव यायला लागतो. तुम्हाला तो १७ तारखेला दिसला. बीज सुटून गेलं की एक-दोन दिवसांत तो थांबतो किंवा घट्ट होतो. म्हणजे तो २२-२३ ला थांबायचाच होता.

आणि गोळी तुम्ही ठेवलीत २० च्या रात्री.

ती गोळी ठेवण्याऐवजी त्या रात्री तुम्ही नुसत्या झोपला असतात, तरी २२ ला पाणी जाणं थांबलंच असतं. श्रेय गोळीला मिळालं, कारण ती नेमकी थांबायच्या वेळी आली. जुलैत पाळी ५ ला आली, तिथून मोजलं तर १८ तारीख हा चक्राचा चौदावा दिवस. जूनमधली १७ तारीखही ४ पासून मोजली तर चौदावाच दिवस. दोन्ही महिन्यांत स्राव त्याच दिवशी सुरू झाला. जंतुसंसर्ग इतकं कॅलेंडर बघून वागत नाही. "औषध घेतलं की जातं, पुढच्या महिन्यात परत येतं" असं कुणी सांगितलं, की मी पहिल्यांदा पाळीच्या तारखा विचारते. एकीने दोन वर्षांत अशा सहा पाकिटांचा वापर केला होता आणि सहाही वेळा "गुण आला" होता. तपासणीत तिला काहीही झालेलं नव्हतं.

आता हा स्राव येतो कुठून ते सांगते, म्हणजे बाकीचे प्रश्न सोपे होतील. आपण "पांढरं जाणं" म्हणतो ती एकच गोष्ट नसते. योनीमार्गाच्या भिंतींतून थोडं पाणी पाझरतं, जुन्या पेशी सतत झडत असतात, आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथी चिकट द्रव बनवतात. या सगळ्याची मिळून जी भेसळ होते ती निकरवर दिसते. यातला पहिला आणि दुसरा भाग महिनाभर थोड्याफार फरकाने सारखा चालतो. तिसरा भाग, म्हणजे गर्भाशयमुखाचा चिकट द्रव, दर आठवड्याला रूप बदलतो. तुम्हाला जो "दर वेळी वेगळा" प्रकार दिसतो तो याचाच.

पाळी संपली की शरीरात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं. त्या दिवसांत गर्भाशयमुखातला द्रव थोडाच आणि घट्ट असतो, तिथेच बूच लावल्यासारखा बसून राहतो, आणि बाहेर जवळजवळ काही येत नाही. हे तुमचे "काही नसतं" ते दिवस. मग बीजकोशात एक बीज वाढायला लागतं आणि त्याच्याभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन बनवायला लागतात. आधी थोडं चिकट, पांढुरकं, हाताला खळीसारखं लागणारं काहीतरी दिसतं. पुढे ते पातळ, मग ओलसर, आणि शेवटी पारदर्शक व निसरडं होतं. या टप्प्यावर त्यात नव्वद टक्क्यांहून कितीतरी जास्त पाणी असतं. टिश्यूवरचा थोडा द्रव अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूहळू लांब केली, तर आठ-दहा सेंटिमीटरची तारही न तुटता ताणली जाते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाची उपमा सगळी पुस्तकं देतात, आणि एकदा पाहिलं की ती का देतात ते कळतं. हाच द्रव काचेवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नेच्याच्या पानांसारखी नक्षी दिसते. ती त्यातल्या क्षारांची असते. मूल होण्यासाठी उपचार करणारे डॉक्टर एके काळी बीज सुटण्याची वेळ ठरवायला ती नक्षी मुद्दाम पाहायचे.

हा सगळा खटाटोप शुक्रजंतूंसाठी असतो. एरवी योनीतलं आम्ल त्यांना काही तासांत संपवतं, आणि घट्ट बूच त्यांना वर जाऊ देत नाही. या चार-पाच दिवसांत मात्र दार उघडं असतं आणि वाटही गुळगुळीत असते. अशा द्रवात शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. मूल हवं असेल तर तुमचे हे "आजारी" दिवसच सगळ्यांत कामाचे. (मूल नको असेल तर फक्त स्राव पाहून दिवस टाळण्यावर विसंबू नका. ती पद्धत शिकून, शिस्तीने वापरावी लागते, आणि तरी चुकते.)

बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन वाढतं आणि एक-दोन दिवसांत चित्र पालटतं. द्रव आटतो, दाट होतो, पांढरा किंवा किंचित पिवळसर, मलमासारखा दिसतो. तार सुटत नाही, ओढली की तुटते. हे तुमचं "मग दाट पांढरं". पाळीच्या आदल्या एक-दोन दिवसांत काहींना पुन्हा जरा पातळ जातं, काहींना अगदी कोरडं वाटतं. दोन्ही ठीक.

इथे एक पाटी पुसून टाकायची आहे. "चौदाव्या दिवशी ओलं" हा नियम नाही. तुमचं ओलं चौदाव्या दिवशी *सुरू* होतं, कारण चक्र ३१ दिवसांचं आहे. २४ दिवसांचं चक्र असलेलीला ते पाळी संपता संपता, सातव्या दिवसालाच सुरू होईल. ३८ दिवसांचं असेल तर एकविसाव्या दिवसापर्यंत काही दिसणार नाही. ताप आला, झोपेचा बट्ट्याबोळ झाला, मोठा ताण आला, तर बीज सुटणंच लांबतं. मग स्राव सुरू होतो, मधेच थांबतो, आठवड्याने परत सुरू होतो, आणि पाळीही तेवढीच पुढे जाते. म्हणून बहिणीशी किंवा मैत्रिणीशी तुलना करून काही हाती लागत नाही. तुलना करायची ती आपल्याच मागच्या दोन-तीन महिन्यांशी.

आता रंग. तुम्ही जो पिवळा डाग पाहता तो वाळलेला असतो. ताजा द्रव पारदर्शक किंवा दुधाळ असला तरी कापडावर हवा लागून सुकला की पिवळसर होतो. संध्याकाळी निकर काढून रंग ठरवणं म्हणजे वाळलेलं फूल पाहून ताज्या फुलाचा रंग सांगण्यासारखं. रंग बघायचाच असेल तर लघवीच्या आधी स्वच्छ टिश्यूने पुसा आणि तो ओला असताना, उजेडात बघा. पारदर्शक, पांढरा, दुधाळ, फिकट पिवळसर हे सगळे रोजचे रंग. पाळीच्या शेवटच्या दिवसांत आणि नंतर एखाद-दोन दिवस तपकिरी जातं, ते सावकाश बाहेर आलेलं जुनं रक्त असतं. बीज सुटण्याच्या दिवसांत कधीतरी गुलाबी रेघ दिसते, तीही काहींच्या बाबतीत साधीच असते. मात्र ती दर महिन्याला, दोन दिवसांहून जास्त, किंवा संबंधांनंतर दिसत असेल तर दाखवून घ्यायला हवी.

काळ्या निकरची गोष्ट तर मला मनापासून आवडली, कारण तिच्याकडे तुम्ही नेमक्या उलट्या बाजूने बघताय. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात. भिंतीच्या पेशींत साखरेचा साठा असतो, तो मोडून ते लॅक्टिक आम्ल बनवतात. दूध विरजताना तयार होतं तेच हे आम्ल. त्यामुळे तिथला पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, साधारण ३.८ ते ४.५ राहतो. आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. रक्ताचा ७.४ असतो, तर त्वचेचा पाचाच्या आसपास. इतक्या आंबट जागी बाकीच्या जंतूंना पाय रोवता येत नाहीत. हे आम्ल रोज त्याच एका जागी कापडावर पडत राहिलं की गडद रंग उडतो, फिकट किंवा नारिंगी चट्टा पडतो. रंग उडणं ही तुमचे जिवाणू कामावर असल्याची खूण आहे. हा चट्टा पाहून घाबरलेल्या मुली मी खूप पाहिल्यात, आणि आया त्यांच्याहून जास्त घाबरलेल्या.

आंबट वासाचं कारणही तेच आम्ल. तो वासही महिनाभर एकसारखा नसतो. पाळीच्या दिवसांत आणि लगेच नंतर धातूसारखा, नाणं हातात घोळवल्यावर येतो तसा वास येतो, कारण रक्तात लोह असतं. संबंधांनंतर काही तास वास बदलतो, कारण वीर्य अल्कधर्मी असतं आणि आतलं आम्ल तात्पुरतं बोथट होतं. त्या वेळी, अगदी दुसऱ्या दिवशीपर्यंत, पातळ काहीतरी बाहेर येत राहतं. ते बऱ्याचदा वीर्यच असतं, स्राव नव्हे. उन्हातून किंवा व्यायाम करून आल्यावर जो उग्र वास येतो तो जांघेतल्या घामाचा. दिवसभर अंगावर असलेल्या निकरचा वास हा घाम, लघवीचे थेंब आणि स्राव यांचं मिश्रण असतो. त्यावरून योनीची परीक्षा करू नका. वासाबद्दल माझी कसोटी साधी आहे: आपल्याला जवळून जाणवतो, पण नाक मुरडावंसं वाटत नाही आणि अंघोळीनंतर कमी होतो, तर तो रोजचा.

प्रमाणाबद्दल आणि "ताकद जाण्याबद्दल" एकत्रच बोलते. दिवसभरात साधारण एक ते चार मिलिलिटर स्राव होतो. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा, म्हणजे चमचाभरही नाही. ओल्या दिवसांत तो वाढतो, तेव्हा निकर दमट लागणं, बसून उठल्यावर एकदम थोडं बाहेर आल्यासारखं वाटणं, सकाळी उठल्यावर एखादा चिकट गोळा येणं, हे सगळं होतं. रात्रभर आडवं असताना ते आत मागच्या बाजूला साठतं आणि उभं राहिलं की बाहेर येतं, एवढंच. आता हिशोब करा. तीन मिलिलिटर गेलं असं धरू. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. उरलं ग्रॅमच्या तीन दशांशाहूनही कमी, आणि त्यातही क्षार, झडलेल्या पेशी आणि चिकट प्रथिनं. एवढ्याने ताकद जात असती तर एका सर्दीत माणूस अंथरुणाला खिळला असता. नाकातून जाणारा शेंबूडही याच जातीचा द्रव आहे, पण त्याने हाडं झिजतात असं कुणी म्हणत नाही.

नणंदेवर रागावू नका, ही समजूत फार जुनी आहे आणि ती त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलीच असणार. पण थकवा खरा असेल तर त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि मी सुरुवात पाळीच्या रक्तापासून करेन. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर जाऊ लागलं तर हळूहळू लोह संपतं आणि रक्त कमी होतं. पॅड दर एक-दोन तासांनी भिजतंय का, मोठ्या गाठी पडतात का, पाळी सात दिवसांहून लांबते का, हे आठवून बघा, आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. गर्भवती नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे. तो बरा होतो, पण पांढऱ्यावरच्या गोळ्यांनी नव्हे.

इन्फेक्शन कधी समजायचं? तुमच्या पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द आहे "खाज नाही". बुरशीचा संसर्ग झाला की खाज सुटते, आग होते, बाहेरची त्वचा लाल होते, आणि फुटलेल्या दुधातल्या चोथ्यासारखं दाट, गुठळ्यांचं पांढरं जातं. वास मात्र जवळपास नसतो. इथे फसायला होतं, कारण बीज सुटल्यानंतरचा नेहमीचा स्रावही दाट पांढरा असतो, आणि बुरशीचा त्रासही बऱ्याचदा पाळीच्या आधीच्या आठवड्यात उफाळतो. फरक दाटपणात शोधू नका, खाजेत शोधा. दुसरा प्रकार म्हणजे आतल्या जिवाणूंचा तोल बिघडणं. तेव्हा लॅक्टोबॅसिलस कमी होतात, दुसरे वाढतात, आणि पातळ, राखाडी-पांढरं, मासळीसारख्या वासाचं पाणी जातं. हा वास संबंधांनंतर आणि पाळीनंतर जास्त येतो, आणि धुऊन जात नाही. खाज फारशी नसते. तिसरा, संबंधांतून येणारा, एका सूक्ष्म परजीवीचा. त्यात हिरवट-पिवळं, कधी फेसाळ जातं, जळजळ होते. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. तुम्ही आणलेल्या सहा दिवसांच्या गोळ्या बहुधा बुरशीवरच्या असणार, आणि त्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारावर उपयोगी नाहीत. शिवाय ती गोळी विरघळून तिचाच पांढरा चुरा दोन दिवस बाहेर येत राहतो. मग बाई म्हणते, "डॉक्टर, वाढलंच!" आणि आणखी स्ट्राँग गोळी शोधायला जाते. तुमचा शेवटचा प्रश्न याच वळणावरचा आहे, म्हणून त्याचं उत्तर: नको.

तपासायचं असेल तर तपासणीही दोन-पाच मिनिटांचीच असते. योनीमार्ग हलकेच उघडून स्राव कुठून येतोय ते बघतात, बाजूच्या भिंतीवर पीएचचा कागद टेकवतात, आणि थेंबभर स्राव सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. घरी मिळणाऱ्या पीएच पट्ट्यांबद्दल मात्र एक सावधगिरी. गर्भाशयमुखाचा तो तार सुटणारा द्रव अल्कधर्मी असतो, रक्त आणि वीर्यही तसंच. त्यामुळे ओल्या दिवसांत, पाळीत किंवा संबंधांनंतर पट्टी लावली तर आकडा वर दिसतो आणि काही नसताना धडकी भरते. तुम्ही १९ जूनला अशी पट्टी लावली असती तर ती बहुधा "बिघाड" म्हणाली असती, आणि आज पत्रात आणखी एका गोळीचं नाव असतं.

पण उलटही खरं आहे, तेही सांगायला हवं. स्राव अगदी नेहमीसारखा दिसला म्हणजे संसर्ग नाहीच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. क्लॅमिडिया आणि गनोरिया हे संबंधांतून होणारे संसर्ग बायकांमध्ये कित्येकदा काहीच लक्षण न दाखवता असतात. जोडीदाराला लघवीला जळजळ किंवा स्राव असेल, किंवा तुम्हाला ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधांनंतर रक्त असं काही असेल, तर स्रावाचा रंग न बघता तपासणी करून घ्या. पॅडऐवजी आत ठेवायचं काही वापरत असाल आणि अचानक कुजल्यासारखा वास यायला लागला, तर आधी आत काही राहिलं नाही ना ते बघा. हे लाजिरवाणं नाही, होतं असं. आणि पाळी गेल्यावर, म्हणजे रजोनिवृत्तीनंतर, रक्ताचा एक डाग पडला तरी तो साधा समजायचा नसतो. तुमच्यापासून ते वय लांब आहे, पण घरात सासूबाई किंवा आई असतील म्हणून लिहिलं.

आता चुरचुरण्याकडे येऊ. मला वाटतं, सध्या तुमचा एकमेव खरा त्रास तेवढाच आहे, आणि तो वॉशने दिलाय. योनीमार्ग आतून धुवायची गरज नसते, कारण तो स्रावच त्याची सफाई असतो. आत साबण किंवा वॉश गेला की लॅक्टोबॅसिलस वाहून जातात, आम्ल कमी होतं, आणि मग ज्या वासाच्या भीतीने धुतो तोच वास देणाऱ्या जंतूंना जागा मिळते. म्हणजे धुण्यामुळे दुसऱ्या प्रकारचा बिघाड होऊ शकतो. वॉश आजच बंद करा. बाहेरच्या भागाला, आंघोळीच्या वेळी, साधं पाणी पुरे. आत बोट घालायचं नाही, पाण्याचा फवारा मारायचा नाही. सुती निकर वापरा, रोज पातळ पॅड लावायची सवय असेल तर ती फक्त अगदी ओल्या दिवसांपुरती ठेवा, कारण तिथे कोंडलेली ओल त्वचेला टोचते. आठ-दहा दिवसांत चुरचुर जायला हवी. नाही गेली, किंवा तिची खाज झाली, तर दुकानात न जाता डॉक्टरकडे जा. आणि जाण्याआधी दोन दिवस योनीत काहीही ठेवू नका, नाहीतर तपासणीत काही दिसत नाही.

आणि पुढचे दोन महिने एक छोटी वही ठेवा. पाळीचा पहिला दिवस म्हणजे दिवस १. रोज रात्री एकच ओळ: कितवा दिवस, दिवसभरात तिथे कोरडं, दमट की निसरडं वाटलं, आणि टिश्यूवर काय दिसलं. तार सुटत असेल तर "तार" एवढंच लिहा. संबंध आले असतील तर त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या ओळीला फुली मारा, कारण त्या दिवसाचं दिसणं खरं नसतं. माझा अंदाज असा, की तुमच्या वहीत सहा-सात दिवसांपर्यंत पाळी आणि तिचा तपकिरी शेवट, मग तेराव्यापर्यंत कोरडं आणि चिकट, चौदा ते अठरा निसरडं आणि "तार", मग एकोणिसाव्यापासून दाट पांढरं किंवा काही नाही, असं येईल. दोन्ही महिन्यांत ही ओळ एकमेकींना जुळली तर ते तुमचं नेहमीचं. मधेच एखाद्या दिवशी खाज, मासळीचा वास, हिरवट रंग किंवा रक्त असं काही आलं, तर ते वहीत उठून दिसेल आणि ती वहीच डॉक्टरांना दाखवता येईल. दोन गोष्टींनी चित्र बदलेल. गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यात तर तारेचे दिवस बहुतेक नाहीसे होतील, आणि दिवस राहिले तर पांढरं वाढेल, पाळी मात्र येणार नाही. तुमच्या दिवस ३१ च्या पुढे आठवडाभर पाळी आली नाही तर आधी घरच्या घरी लघवीची तपासणी करा.

जाता जाता त्या निकरबद्दल. उडालेला रंग परत येत नाही. फिकट रंगाच्या घेतल्यात तर चट्टा दिसणार नाही.